मोठा निर्णय आणि न संपणारा विचार

नोकरी बदलावी की नाही, आलेल्या स्थळाला होकार द्यावा की नाही, असा प्रश्न समोर आला की चार रात्री झोप न लागणे स्वाभाविक आहे. परंतु तोच प्रश्न महिनोन्‌महिने मनात घोळत असेल, तर एक परीक्षा करून पाहावी. गेल्या आठवड्यात एवढा विचार करून आपल्याला कोणती नवी माहिती मिळाली, ते कागदावर लिहावे. कागद कोरा राहिला, तर आपण विचार करीत नसून केवळ चिंता उगाळत आहोत असे समजावे. दुसरी खूण अशी की, आपण घरच्यांना व मित्रांना वारंवार तेच विचारतो, त्यांच्या उत्तराने दिलासा मिळतो आणि तो तासाभरात ओसरतो.

याचे मूळ बहुधा निर्णयाच्या अवघडपणात नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा मराठीत प्रसार कि. मो. फडके यांनी केला. ‘खात्री असती तर बरे झाले असते’ ही इच्छा आणि ‘खात्री असलीच पाहिजे’ हा हट्ट, यांत ही पद्धती भेद करते. भविष्याची खात्री कोणालाच मिळत नाही. त्यामुळे हट्ट धरणारे मन थांबू शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, भिलाईतील एका मराठी कुटुंबातील मुलगी येथील शिकवणी वर्गात शिकवते. तिला पुण्याहून अधिक पगाराची नोकरी आली आहे. वडील दोन वर्षांनी पोलाद कारखान्यातून निवृत्त होतील. दोन महिने ती रोज फायदे-तोट्यांची यादी करते आणि यादी रोज बदलते.

तिने आता यादी बाजूला ठेवावी आणि आपल्याला खरोखर महत्त्वाच्या अशा तीनच गोष्टी लिहाव्यात: हाती उरणारी रक्कम, आईवडिलांची सोय आणि कामात पुढे शिकण्याची संधी. चौथी गोष्ट लिहायची झाल्यास आधीची एक खोडावी. त्यानंतर मनातील शंकांचे दोन भाग करावेत. पुण्यात भाडे किती पडेल, निवृत्तीनंतर क्वार्टर किती काळ ठेवता येते, या शंकांना कोठेतरी उत्तर आहे. ते दहा दिवसांत विचारून घ्यावे. ‘तेथे माझे मन रमेल का?’ याला आज कोणाजवळच उत्तर नाही. ती शंका तशीच लिहून ठेवावी व तिच्यासाठी निर्णय अडवू नये.

दहा दिवसांनंतरची एक तारीख आधीच ठरवावी. त्या दिवशी, रात्रीची झोप झाल्यावर, सकाळी तीन गोष्टी पाहून निर्णय लिहावा. सोबत कारण, परतीचा मार्ग आणि सहा महिन्यांनंतरची फेरविचाराची तारीखही लिहावी. दोन्ही पर्याय सारखेच वाटले, तर कोणताही घेतला तरी चालण्याजोगा आहे, असा त्याचा अर्थ होतो.

निर्णयानंतरही शंका येईल. ती आली म्हणजे निर्णय चुकला असे नव्हे. सायंकाळी पंधरा मिनिटे तिच्यासाठी राखावीत आणि इतर वेळी ती आल्यास ‘सायंकाळी पाहू’ म्हणून हातातील काम पुढे चालवावे. सहा महिन्यांच्या आत निर्णय पुन्हा उघडायचा तो केवळ नवी माहिती आली तरच.

विवाहाचा निर्णय सहज परत फिरविता येत नाही, म्हणून तेथे माहितीसाठी दहा दिवस पुरेसे नाहीत. नोकरी, कर्ज, राहण्याचे ठिकाण, अपत्यांविषयीची इच्छा यांबद्दल दोघांनी परस्परांना प्रत्यक्ष विचारावे. छत्तीसगड व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही शंका रक्ताच्या तपासणीने मिटते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानांतर्गत शासकीय आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. वाहक असणे हा आजार नव्हे, आणि त्यावरून स्थळ नाकारण्याची घाईही नको. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. होकारासाठी घरातून धाक घातला जात असेल, तर मात्र ही पद्धत लागू नाही. महिलांनी अशा वेळी १८१ या क्रमांकावर मदत मागावी.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर शक्य तेवढे मोठे निर्णय पुढे ढकलावेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप व भूक मंदावली असेल, किंवा गॅस बंद केला का, कुलूप लावले का अशा किरकोळ गोष्टींतही शंका सुटत नसेल, तर हा प्रश्न निर्णयाचा राहिलेला नाही, त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही बोलता येते, मराठीतही.