आधी रॅम बघा, मग डिस्क

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात लिनक्स लागतं आणि घरात लॅपटॉप एकच असतो. ड्युअल बूट करायचं की व्हर्च्युअल मशीन, हे ठरवताना बहुतेक विद्यार्थी आधी डिस्कवर किती जागा उरली आहे ते पाहतात. माझ्या मते आधी रॅम पाहायला हवी.

समजा, लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी आहे, विंडोज ११ आहे आणि ६० जीबी मोकळे आहेत. रोजचे प्रोग्रॅम आणि ब्राउझर उघडे ठेवून Task Manager मध्ये Performance, मग Memory पाहा. तिथे ५ जीबी वापरात दिसले, तर उरले जेमतेम ३. व्हर्च्युअल मशीन विंडोजच्या आतच चालतं, त्यामुळे त्यातल्या उबुंटूला ४ जीबी दिले की विंडोज रॅमची उणीव एसएसडीवर लिहून भागवू लागतं. माउस अडखळतो, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात. प्रॅक्टिकल फक्त सी आणि शेल स्क्रिप्टचं असेल, तर डेस्कटॉप नसलेलं उबुंटू सर्व्हर घ्या. त्याला २ जीबी रॅम पुरते.

व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे विंडोजमधली एक फाइल. ती गरजेनुसार वाढते, पण आतल्या गोष्टी पुसल्या तरी आपोआप लहान होत नाही. स्नॅपशॉट घेत गेलात की आणखी फुगते. म्हणून मशीन बनवतानाच ३० जीबीची मर्यादा घाला आणि जुने स्नॅपशॉट काढत राहा.

उबुंटूचा पूर्ण डेस्कटॉप रोज लागणार असेल किंवा कर्नल कंपाइल करायचं असेल, तर ८ जीबीच्या लॅपटॉपवर ड्युअल बूटच बरं. सगळी रॅम एका वेळी एकाच सिस्टिमला मिळते. मात्र वेगळे काढलेले ४० जीबी विंडोजला कायमचे दुरावतात आणि उरलेल्या २० मध्ये त्याचे मोठे अपडेट बसवताना ओढाताण होते. आधी फोटो-व्हिडिओ दुसरीकडे हलवा.

विभाजन करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप चालू असतं आणि बूटची रचना बदलली की विंडोज तीच की मागतं. Fast Startup बंद करा, नाहीतर विंडोजचं विभाजन लिनक्समध्ये नुसतं वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. लिनक्समधून परतल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी वेळ ठेवतं. लिनक्समध्ये ही आज्ञा द्या:

```
timedatectl set-local-rtc 1
```

पुढे लिनक्स नको झालं, तर व्हर्च्युअल मशीन फाइलीसकट पुसलं की काम झालं. ड्युअल बूटमध्ये क्रम पाळावा लागतो: आधी बायोसमध्ये Windows Boot Manager सर्वांत वर आणा, विंडोज थेट सुरू होतंय याची खात्री करा, आणि त्यानंतरच लिनक्सचं विभाजन पुसा.