रात्री गळालेल्या नोंदी

निफाडकडच्या एका द्राक्षबागेची कल्पना करा. ऑक्टोबर छाटणी झाली आहे, कोवळी फूट आली आहे आणि बागायतदाराला धास्ती आहे ती डाऊनीची, म्हणजे केवडा रोगाची. पान किती वेळ ओलं राहिलं यावर या रोगाची लागण बरीचशी ठरते. म्हणून त्याने बागेत तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा सेन्सर टांगला आणि जवळच्या शेडमधल्या फळीवर जुना अँड्रॉइड फोन ठेवून दिला. दर तासाला फोनमधलं अॅप ब्लूटूथवरून सेन्सर वाचतं आणि आकडा लिहून ठेवतं. आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर गेली की तो तास ‘ओला’ धरायचा, असा साधा हिशेब.

आठवडाभर सगळं ठीक दिसतं. अॅप उघडलं की शेवटची नोंद ताजी आणि यशस्वी असते. मधल्या नोंदी मात्र गळत असतात, आणि अॅप त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

गळती कुठून होते? २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ मध्ये गूगलने ‘डोझ’ नावाची व्यवस्था आणली. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो हलतही नाही, अशा अवस्थेत काही काळ गेला की फोन गाढ झोपतो. मग अॅप्सची नेमून दिलेली कामं थांबवून ठेवली जातात आणि अधूनमधून उघडणाऱ्या छोट्या खिडकीत एकदमच उरकली जातात. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये गाढ झोप लागायला साधारण तासभर लागतो. त्यानंतर पहिली खिडकी एका तासाने उघडते, दुसरी आणखी दोन तासांनी, तिसरी चार तासांनी. हे अंतर सहा तासांपर्यंत वाढतं आणि प्रत्येक खिडकी जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते. फोन बनवणाऱ्या कंपन्या हे आकडे बदलू शकतात, अनेकदा बदलतातही.

आपला फोन तर चार्जरला लावलेला आहे. पण शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते. चार्जर जोडलेला असला तरी वीज गेली की फोनच्या लेखी तो बॅटरीवरच असतो. एक रात्र धरू. दहा आणि अकराच्या नोंदी वेळेवर झाल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. बाराची नोंद झाली, कारण गाढ झोप अजून लागलेली नव्हती. ती लागली सव्वाबाराच्या सुमाराला. त्यानंतरची नोंद १:१७ ला, पहिल्या खिडकीत. पुढची ३:२१ ला. त्यापुढची खिडकी साडेसातच्या आसपास उघडायची होती, पण सातला वीज आली, फोन जागा झाला आणि ७:०१ ला नोंद झाली. रात्री दहा ते सकाळी सात या दहा तासांच्या दहा नोंदी हव्या होत्या. मिळाल्या सहा. दोन, चार, पाच आणि सहाच्या नोंदी नाहीतच. जागं झाल्यावर फोन राहिलेल्या चार फेऱ्या भरून काढत नाही, एकच फेरी करतो. त्यामुळे अॅपला सगळं सुरळीत वाटतं.

या गळतीचं खरं नुकसान तिच्या वेळेत आहे. नोंदी दिवसा-रात्री सारख्या गळल्या असत्या तर सरासरी फारशी बिघडली नसती. पण फोन निश्चल पडून राहतो तो रात्री, आणि पानांवर दव पडतं तेही रात्रीच. या रात्री मिळालेल्या सहांपैकी चार नोंदी नव्वदच्या वर होत्या, म्हणून अॅपने ‘चार ओले तास’ असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात बारापासून सातपर्यंत सलग आर्द्रता वर असेल, तर ते आठ होते. फवारणी करायची की थांबायचं, हे ठरवायला हा फरक पुरेसा आहे.

दुसरी गाठ अँड्रॉइड ९ पासूनची. माणूस एखादं अॅप किती वापरतो, हे पाहून फोन त्याला वेगवेगळ्या गटांत टाकतो. अॅप बरेच दिवस कोणी उघडलं नाही की ते ‘क्वचित’ गटात जातं आणि फोन बॅटरीवर असताना त्याची कामं आणखी लांबतात. मुकाट्याने काम करणारं अॅप कोणी कशाला उघडेल? म्हणजे ज्याच्यावर विसंबून आपण निर्धास्त होतो, तेच आधी मागे ढकललं जातं.

आता शोध कसा लावायचा? न झालेलं काम स्वतः येऊन सांगत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीत दोन वेळा लिहायला हव्यात: नोंद कधी व्हायला हवी होती आणि प्रत्यक्षात कधी झाली. पुढची फेरी सुरू होताच अॅपने मागच्या नोंदीशी अंतर ताडून पाहावं आणि मधले रिकामे तास ‘चुकले’ असे स्वच्छ लिहावेत. मग सकाळचा अहवाल असा येतो: दहापैकी सहा नोंदी, ओले तास किमान चार, कदाचित आठ. सोबत चार्जिंग चालू होतं का, फोन डोझमध्ये होता का, हेही दर वेळी टिपलं की आठवड्याभरात कारण डोळ्यांसमोर येतं. अंतर मोजताना भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ नको, कारण ती कोणीही बदलू शकतं. अँड्रॉइडमधलं `elapsedRealtime` फोन झोपलेला असतानाही चालत राहतं. त्याच्याच शेजारचं `uptimeMillis` मात्र गाढ झोपेत थांबतं. त्यावर मोजलं तर चार तासांची दरी काही मिनिटांची दिसू शकते. फोन बंद करून चालू केला की दोन्ही शून्यापासून सुरू होतात, त्या वेळी तारीख-वेळेचाच आधार घ्यावा लागतो.

ही पद्धत एका ठिकाणी तोकडी पडते. कोणी सेटिंगमध्ये जाऊन ‘फोर्स स्टॉप’ दाबलं, तर अॅपची नेमलेली कामं रद्द होतात आणि माणसाने पुन्हा उघडेपर्यंत ते उठत नाही. पुढची फेरीच नसेल तर दरी कोण मोजणार? त्यासाठी पहारा फोनबाहेर हवा. दर नोंदीनंतर फोनने एखाद्या सर्व्हरला छोटा निरोप पाठवायचा आणि ठरल्या वेळेत निरोप आला नाही तर सर्व्हरने मालकाला कळवायचं. ही मुदत विचारपूर्वक ठरवावी. तासाच्या कामाला पाचच मिनिटांची सवलत दिली, तर रोज रात्री खोट्या हाका येतील आणि आठवड्यात मालक त्या बंद करून टाकेल. माझ्या मते अशा बागेसाठी तीन तास ठीक. निरोप अडला तो नेटवर्क गेल्यामुळे की नोंदच झाली नाही म्हणून, हे पुढच्या निरोपासोबत मागची वही पाठवली की उलगडतं.

उपाय मर्यादित आहेत, पण आहेत. अॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावं. अॅप बनवणाऱ्याने साध्या आवर्ती कामाऐवजी `setExactAndAllowWhileIdle` हा अचूक गजर वापरावा. डोझमध्येही तो वाजतो, दोन गजरांत साधारण नऊ मिनिटं अंतर ठेवावं लागतं इतकंच, आणि आपलं काम तर तासाचं आहे. अँड्रॉइड १२ पासून अशा गजराला वेगळी परवानगी लागते, आणि अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने टाकलेल्या बहुतेक अॅप्सना ती आपोआप मिळत नाही. ती सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. फोन बंद होऊन चालू झाला की गजर पुसले जातात, तेव्हा ते पुन्हा लावण्याची सोयही अॅपमध्ये हवी.

हे सगळं तपासायला वीज जाण्याची वाट पाहायला नको. फोन संगणकाला जोडून त्याला खोटंच सांगता येतं की चार्जर काढला आहे, आणि स्क्रीन बंद करून डोझमध्ये ढकलता येतं:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys deviceidle force-idle
```

दोन-तीन तास तसाच ठेवून वही पाहावी. तपासणी झाली की पूर्ववत करायला विसरू नये, नाहीतर फोन चार्जिंगला असूनही स्वतःला बॅटरीवर समजत राहील:

```
adb shell dumpsys deviceidle unforce
adb shell dumpsys battery reset
```