अंगठ्याआधीची दहा मिनिटं

‘प्रस्तुत संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, आपली संमती मागे घेऊ शकता; तसे केल्यास आपणांस मिळणाऱ्या वैद्यकीय सेवांवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही.’

म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास करायला गावोगाव जी मंडळी जातात, त्यांच्या पिशवीतल्या संमतीपत्रात हे वाक्य या ना त्या रूपात असतंच. त्यात चूक एकही नाही. नियमाला हवं ते सगळं त्यात आहे. पण दुसरीत शाळा सुटलेल्या पंच्याहत्तरीच्या आजीला ते मोठ्याने वाचून दाखवलं, तर तिच्या हाती बहुधा एवढंच लागतं, की सरकारी काहीतरी आहे आणि खाली अंगठा द्यायचाय.

असं वाक्य तयार कसं होतं, ते पाहण्यासारखं आहे. अभ्यासाचा मसुदा बहुतेक वेळा आधी इंग्रजीत लिहिला जातो, कारण पैसे देणारे आणि तपासणारे इंग्रजीत वाचतात. मग त्याचं मराठी होतं. ते बरोबर झालंय का हे पाहायला दुसरा कुणी तेच मराठी पुन्हा इंग्रजीत नेतो आणि दोन्ही इंग्रजी मसुदे शेजारी ठेवून ताडून बघतात. अर्थ कुठे बदलला असेल तर या पद्धतीत तो बहुतेकदा सापडतो. मराठी अवघड झालंय हे मात्र सापडत नाही. उलट वाक्य जितकं जड, तितकं ते इंग्रजीत बिनचूक परत जातं. वरचं वाक्य या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होईल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं या कामाला लागू पडतात. त्यांनुसार संमतीच्या कागदाचे दोन भाग असतात: एक माहितीपत्रक आणि दुसरा सहीचा कागद. माणसाला कळेल अशी सोपी भाषा हवी, वाचता न येणाऱ्यासमोर वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार हवा, एक प्रत सहभागी माणसाकडे राहायला हवी आणि कागदातला शब्द न् शब्द एथिक्स कमिटीने आधी मंजूर केलेला हवा. या कमिटीवर डॉक्टर आणि कायदा जाणणारे यांच्याबरोबर एक सामान्य नागरिकही असतो. अवघड वाक्याला खरं तर त्यानेच अडवायचं. कोट घातलेल्या दहा जणांत तो अडवतो का, हा प्रश्न वेगळा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात साठीपुढच्या माणसांना पाऊण तास प्रश्न विचारायचे आहेत. पडझड किती वेळा झाली, झोप लागते का, लघवी आवरते का, जुन्या-नव्या गोष्टी आठवतात का, मन उदास असतं का, घरातले कसे वागवतात. रक्त घ्यायचं नाही, गोळी द्यायची नाही. म्हणून यात धोका तो काय, असं वाटतं. पण धोका प्रश्नांतच आहे. सुनेबद्दल आजी काय बोलली ते सुनेला कळलं, तर संध्याकाळच्या भाकरीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. संमतीपत्रात ‘किरकोळ गैरसोय होण्याची शक्यता’ असं लिहिलं, तर यातलं काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

पहिलं वाक्य या आजीसाठी लिहायचं तर ते असं काहीसं होईल:

‘आमच्याशी बोलायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तरी चालेल. आत्ता हो म्हणालात आणि मधेच नको वाटलं, तर “बास” म्हणा, आम्ही थांबू. का, ते विचारणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर “पुढचं विचार” म्हणा. तुम्ही नको म्हणालात म्हणून दवाखान्यातली गोळी, रेशन, निराधारचा पगार, यांतलं काहीही बंद होणार नाही. आणि हो म्हणालात म्हणून नवीन काही सुरूही होणार नाही.’

शब्द वाढले, हे खरं. एका वाक्याची सात वाक्यं झाली. पण सोपं म्हणजे थोडक्यात, हा समज इथे उपयोगाचा नाही. वयस्कर माणसाला एका वाक्यात एकच गोष्ट हवी असते, कारण लांब वाक्याचं शेपूट येईपर्यंत डोकं हातून सुटलेलं असतं. लांबी कमी करायचीच तर संस्थेचा इतिहास, निधी देणाऱ्याची स्तुती आणि मुख्य संशोधकाच्या पदव्या कापाव्यात. पाचशे-सहाशे शब्दांचा मजकूर सावकाश वाचला तर सहा-सात मिनिटं लागतात. प्रश्नोत्तरं धरून दहा. त्यापलीकडे ऐकणारा थकतो आणि पुढच्या पाऊण तासाचं बळ आधीच संपतं.

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम जोडीने घातली आहेत. गावात कुणी फॉर्म घेऊन आलं, नाव-वय विचारलं, की श्रावणबाळचा किंवा संजय गांधी निराधारचा पगार सुरू होणार, असं वाटणं साहजिक आहे. आजवर तसे फॉर्म त्याचसाठी आले. ‘सहभागातून आपणांस प्रत्यक्ष लाभ होणार नाही’ या वाक्याने तो समज हलत नाही. पगाराचं नाव घेऊन सांगितलं तरच हलतो. मुलाखत घेणाऱ्यांबद्दलही तसंच. गळ्यात ओळखपत्र आणि हातात बीपीचं यंत्र असलं की ते डॉक्टरच. तेव्हा कागदावर सरळ लिहावं: ‘आम्ही डॉक्टर नाही. औषध देणार नाही. बीपी जास्त निघालं तर आकडा चिठ्ठीवर लिहून देऊ आणि कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगू.’

गुप्ततेचं कलम सगळ्यात जपून लिहावं लागतं, कारण तिथे खोटं आश्वासन पटकन दिलं जातं. ‘माहिती पूर्णतः गोपनीय राहील’ हे खरं नसतं. मुलाखत घेणारी ऐकते, संगणकात भरणारा वाचतो, कमिटी कागद तपासू शकते. खरं सांगायचं तर असं: ‘तुमच्या नावाऐवजी नंबर लिहू. नाव आणि नंबर जोडणारी यादी कुलपात राहील. घरच्यांना, सरपंचांना, आशाताईंना तुमची उत्तरं सांगणार नाही. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर काय करायचं ते आधी तुमच्याशी बोलू, आणि मग मदतीला कुणालातरी सांगावं लागेल.’ ही शेवटची अट आधी सांगायला संशोधक कचरतात. आजी बोलायचीच नाही, अशी भीती असते. पण मनातलं बोलून झाल्यावर ती कळली, तर विश्वासघात झाला असंच तिला वाटेल. आणि ‘मागे घेऊ शकता’ म्हटलं तर कधीपर्यंत, हेही हवं. नावांची यादी नष्ट झाली, की कुठली उत्तरं कुणाची हे सापडतच नाही. मग तारीख देऊनच सांगावं, की दिवाळीपर्यंत कळवलंत तर काढून टाकू.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर त्याला वेगळा हो किंवा नाही लागतो. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. तिथेही मुलाखतीची आणि रक्ताच्या थेंबाची संमती वेगवेगळी होती. एकाच अंगठ्याखाली सगळं उरकलं, की बोलायला तयार पण रेकॉर्डिंगला नाखूश अशा माणसाला मधला रस्ताच उरत नाही.

कागद कसा दिसतो हेही बघावं लागतं. अक्षर सोळा पॉइंटचं, ओळींत ऐसपैस अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. चकचकीत कागद नको, त्यावर उजेड चमकतो. वाचणारीने समोर बसावं. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून ओरडण्यापेक्षा जरा खालच्या सुरात, ओठ दिसतील असं बोलावं.

यानंतर येतो मुलगा. ‘तिला काय विचारता, मला विचारा, मी सांगतो.’ त्याची घरात बसायची परवानगी घ्यावी, चहा घ्यावा, पण आईचा होकार त्याच्याकडून घेता येत नाही. आणि उत्तरं एकांतातच हवीत, कारण प्रश्न त्याच्याबद्दलही आहेत. याच कारणाने अशा अभ्यासात तो साक्षीदार म्हणूनही चालू नये. आशाताई हाताशी असते, वाचता येतं, पण आजीची गोळी तिच्या हातून येते, म्हणून तीही नको. शेजारची शिकलेली, या कामाशी संबंध नसलेली बाई बरी. साक्षीदाराने वाचन सुरू होण्याआधी येऊन बसायचं असतं. बरेचदा तिला अंगठ्यापुरतं बोलावतात, मग तिने साक्ष दिली ती कशाची?

आता खरी कसोटी. ‘समजलं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘व्हय’ येणार. पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही. त्याऐवजी विचारायचं, ‘आजी, मी नीट सांगितलं का ते बघायचंय. आम्ही कशाला आलोय, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.’

‘तब्येतीचं विचाराय.’

‘आणि मधेच कंटाळा आला तर?’

‘बास म्हनायचं.’

‘मग गोळी बंद होईल?’

‘न्हाई. पन पगार कवा चालू व्हनार?’

पहिली तीन उत्तरं बरोबर, चौथं चुकलं. इथे अंगठा घ्यायचा नाही. पगाराचा भाग पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगायचा आणि पुन्हा विचारायचं. दोनदा सांगूनही गोष्ट पोचली नाही, तर थांबायचं. स्मरणशक्ती कमी झाली म्हणजे ठरवण्याची ताकद गेली, असं नव्हे. सकाळी ताजंतवानं असताना नीट कळतं आणि दुपारी जेवणानंतर कळत नाही, असंही होतं, म्हणून एकदा सकाळी जाऊन बघावं. तरीही जमलं नाही, तर तिच्या वतीने कायद्याने ठरवू शकणाऱ्या माणसाला विचारायची सोय आहे, पण तीही कमिटीने त्या अभ्यासासाठी मान्य केलेली असेल तरच. आणि त्याने हो म्हटल्यावरही आजीने मान फिरवली, उठून आत गेली, तर तो नकार धरायचा.

अंगठा घेताना कागद कोरा नाही, हे दाखवावं लागतं. अंगठा दिला की जमीन जाते, ही भीती उगाच आलेली नाही. भाऊबंदकीत तसं झालेलं गावात कुणाला ना कुणाला माहीत असतं. वर काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचावं, मग शाई पुढे करावी. साक्षीदाराची सही, मुलाखतकाराची सही, तारीख. प्रत तिथेच द्यायची. त्यावर दोन फोन नंबर हवेत, एक संशोधकाचा आणि दुसरा एथिक्स कमिटीचा, कारण तक्रार संशोधकाबद्दलच असू शकते.

आठवड्याने पर्यवेक्षकाने काही घरांत पुन्हा जावं आणि तेच तीन-चार प्रश्न विचारावेत. मध्ये दिवस गेले आहेत, थोडं विसरणारच. पण घरोघरी एकच चूक ऐकू आली, म्हणजे दहापैकी सहा जण पगाराचीच वाट बघत असले, तर दोष म्हाताऱ्यांच्या आठवणीत नाही, मजकुरात आहे. मग ते वाक्य बदलायचं, तळाशी आवृत्तीचा नवा आकडा आणि तारीख घालायची आणि कागद पुन्हा कमिटीकडे पाठवायचा. मंजुरी येईपर्यंत नव्या घरांतल्या मुलाखती थांबतात. आणि ज्यांचा समज चुकीचा राहिला त्यांच्याकडे परत जाऊन खरं काय ते सांगावं लागतं. त्यातल्या काही जणी ‘मग माझं लिहिलेलं काढून टाक’ म्हणतील. ते काढावं लागतं.