केवळ 'आप'ने आदर होत नाही

उत्तर हिंदुस्थानातील ग्राहकांना हिंदीतून ईमेल लिहिणाऱ्या आपल्या व्यापारी मंडळींच्या तोंडून एक विधान इतक्या वेळा ऐकू येते की, त्याचा एकदा सविस्तर परामर्श घेणे प्राप्त आहे. 'तुम'च्या जागी 'आप' घातले की आदराचा प्रश्न मिटला, क्रियापद काय, कसेही चालते, असे ते विधान आहे. आणि ते साफ चूक आहे.

मराठीत 'तुम्ही पाठवा' आणि 'आपण पाठवा' या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच राहते व अधिक आदराचा भार सर्वनामावरच पडतो. हिंदीत मात्र तो भार दोघांना मिळून वाहावा लागतो, म्हणून 'तुम'बरोबर 'भेजो' शोभले, तरी 'आप'बरोबर 'भेजिए' किंवा 'भेजें' हेच रूप यावे लागते. कामताप्रसाद गुरू यांच्या १९२० सालच्या 'हिंदी व्याकरणा'तही आज्ञेचे आदरार्थी रूप वेगळे नोंदलेले आहे. 'आप भेजो' हे मुंबईच्याच काय, दिल्लीच्या बाजारातही सर्रास ऐकू येते, हे खरे. परंतु बोलताना आवाजातील आर्जव जी उणीव भरून काढते, ती लेखी मजकुरात उघडी पडते.

समजा, पुण्याच्या एका कारखानदाराला कानपूरच्या व्यापाऱ्याकडे थकलेली बाकी शुक्रवारपर्यंत हवी आहे. 'आप शुक्रवार तक पेमेंट कर दो' असे लिहिल्यास ते हुकमासारखे वाटेल. 'कर दीजिएगा' अदबीचे खरे, पण त्यातील भविष्यकाळाच्या छटेमुळे तगाद्याची निकड सैल पडते. आणि 'कर दीजिए' निर्दोष असूनही पहिल्या औपचारिक पत्रात किंचित थेट वाटते. अशा वेळी 'आपसे अनुरोध है कि शेष राशि का भुगतान शुक्रवार तक कर दें' हे वाक्य मुदतही राखते आणि मानही. मराठीतील 'रक्कम पाठवावी, ही विनंती' या वळणाचेच ते भावंड असल्यामुळे, मनात 'पाठवा'ऐवजी 'पाठवावी' धरून लिहू लागणाऱ्यास हे रूप आपोआप सुचेल.

किरकोळ गैरसमजांना एकेक ओळ पुरे. संस्कृत शब्द वाढवल्याने आदर वाढत नाही. 'बिल', 'ऑर्डर', 'पेमेंट' हे शब्द तिकडेही रूढ आहेत. 'शर्मा जी' म्हणणे ही खुशामत नसून साधा शिष्टाचार आहे. आपल्या 'स.न.वि.वि.'चा तर्जुमा करू नये. अनोळखी व्यक्तीस 'महोदय', परिचितास 'शर्मा जी, नमस्कार' योग्य. शेवटी 'आपला विश्वासू'च्या जागी 'भवदीय' लिहावे.

ईमेल रवाना करण्यापूर्वी 'आप' असलेल्या प्रत्येक वाक्याचे अखेरचे क्रियापद तपासावे. ते 'करो', 'दो' किंवा 'हो' असे ओकारान्त आढळल्यास, बाकी मजकूर कितीही नम्र असला तरी, आधी ते बदलावे.