शोधायचं अंतर, मोजायचं क्षेत्रफळ

कागदावर एक लाख ठिपके विखुरले आहेत. त्यांतले एकमेकांपासून सर्वांत लांबचे दोन कोणते? प्रत्येक जोडी मोजायची म्हटलं तर जवळपास ५०० कोटी अंतरं काढावी लागतात. संगणक तेही करेल, पण बहुतेक मेहनत फुकट जाईल, कारण मधल्या ठिपक्यांचा या शर्यतीशी संबंधच नसतो.

समजा प आणि फ ही सर्वांत लांबची जोडी आहे. दोघांना जोडणारी रेघ ओढा आणि तिला दोन्ही टोकांशी काटकोनात एकेक रेघ काढा. या दोन समांतर रेघांच्या पट्ट्याबाहेर एकही ठिपका असू शकत नाही. प च्या पलीकडे एखादा असता, तर तो फ पासून प पेक्षा लांब पडला असता. म्हणजे विजेते नेहमी काठावरच असतात. खिळे ठोकून त्यांच्याभोवती दोरा ताणून बांधला, तर तो ज्या खिळ्यांवर वळेल तेवढेच आपल्या कामाचे. या आकाराला ‘कॉन्व्हेक्स हल’ म्हणतात. ठिपके क्रमाने लावले की तो एका फेरीत काढता येतो. चौरसात एक लाख ठिपके कसेही विखुरले असतील, तर हलवर सरासरी तिसेकच उरतात.

पण सगळे ठिपके वर्तुळावर असतील तर एकही गळत नाही. खरी युक्ती इथे लागते. मायकेल शामोस यांनी ती येल विद्यापीठातल्या १९७८च्या प्रबंधात मांडली आणि गॉडफ्रीड तूसाँ यांनी १९८३ साली तिला ‘रोटेटिंग कॅलिपर्स’ हे नाव दिलं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरचे दोन समांतर जबडे हलला दोन्हीकडून टेकवायचे आणि हलभोवती एक पूर्ण फेरी फिरवायचे. फिरताना समोरासमोर येणाऱ्या जोड्याच तेवढ्या तपासायच्या. सर्वांत लांबची जोडी त्यांत येतेच, कारण वरचा समांतर पट्टा म्हणजे हेच जबडे.

प्रोग्रॅममध्ये जबडे नसतात. तिथे हलची एक बाजू घ्यायची आणि तिच्यापासून सर्वांत दूरचा शिरोबिंदू शोधायचा. बाजू पुढे सरकली की समोरचा बिंदूही पुढेच सरकतो, मागे कधी येत नाही. म्हणून एका फेरीत काम संपतं.

इथेच अनेकांचा पाय घसरतो. एका शिरोबिंदूवर उभं राहायचं, पुढच्या बिंदूंची अंतरं मोजत जायचं आणि अंतर घटलं की थांबायचं, हे वाटतं बरोबर, पण आहे चूक. अ (०, ०), ब (१९, −७), क (२०, ०) आणि ड (१९, ८) हा चौकोन घ्या. अ पासूनच्या अंतरांचे वर्ग ब साठी ४१०, क साठी ४०० आणि ड साठी ४२५ येतात. अंतर आधी घटतं, मग पुन्हा वाढतं. घटताच थांबणारा ब वरच अडकतो आणि ड त्याला दिसतच नाही. या चौकोनात ड ची पाळी आली की चूक सावरली जाते, पण प्रत्येक आकारात सावरेल याची खात्री नाही. असाच एक छापून आलेला उपाय भट्टाचार्य आणि तूसाँ यांनी १९८२ साली प्रतिउदाहरण देऊन खोडून काढला.

म्हणून अंतराऐवजी त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाहायचं. पाया तोच असताना क्षेत्रफळ वाढलं, म्हणजे बाजूपासूनची उंची वाढली. आणि ही उंची हलवर एकदाच चढते, एकदाच उतरते. मध्ये खड्डा नसतो. अब या बाजूवर क चं दुप्पट क्षेत्रफळ १४० येतं आणि ड चं २८५, म्हणून थेट ड वर जायचं. बाजूच्या दोन्ही टोकांपासून ड ची अंतरं तपासली की ४२५ आणि २२५ मिळतात. बक साठी समोर अ येतो, कड साठीही अ च, आणि डअ साठी ब. समोरचा बिंदू ड, अ, अ, ब असा पुढेच गेला आणि सर्वांत मोठा वर्ग ४२५ निघाला. म्हणजे अ-ड हीच जोडी, अंतर सुमारे २०.६.

दोन बाजू समांतर असल्या की क्षेत्रफळं बरोबरीत सुटतात. अशा वेळी समोरच्या बाजूची दोन्ही टोकं तपासून मोकळं व्हावं. वर्गमूळ शेवटी एकदाच काढावं, तोवर वर्गांचीच तुलना पुरते. मात्र सहनिर्देशक लाखाच्या घरात असतील तर अंतराचा वर्ग १००० कोटींवर जाऊ शकतो आणि ३२ बिटांच्या पूर्णांकात जेमतेम २१४ कोटी मावतात. उत्तर ऋण आलं तर आधी तिथे बघा. ६४ बिट घेतले की प्रश्न मिटतो.

ठिपके कागदावरून उठून हवेत, तीन मितींत गेले, तर मात्र ही फेरी कामाला येत नाही. तिथे काठ म्हणजे रेषा नसून पृष्ठभाग असतो, आणि त्याच्याभोवती जबडे फिरवायला एकच दिशा उरत नाही.