ड्रॉवरमधल्या पाच बाटल्या

ठाण्यातल्या एका विमा कंपनीत हिशेब बघणारा हेमंत काल्पनिक आहे. त्याच्यासारखे रुग्ण मात्र यकृताच्या डॉक्टरांकडे खरोखर येतात. ऑफिसातल्या त्याच्या ड्रॉवरमध्ये पहिली बाटली आली ती करोनाच्या काळात, गुळवेलीची. साथ गेली, गोळी राहिली. मग झोपेसाठी अश्वगंधा, गुडघ्यासाठी हळदीच्या अर्काची कॅप्सूल आणि पोट कमी व्हावं म्हणून ग्रीन टीचा अर्क अशी भर पडत गेली. शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ‘सर्वांगीण शक्ती’ची गोळी सुरू झाली. मार्चअखेरीच्या धांदलीत झोप उडाली, तेव्हा त्याने अश्वगंधा दुप्पट केली. झाडपाल्याचंच तर आहे, त्याने काय होतंय!

एप्रिलमध्ये त्याला फोडणीचा वास नकोसा झाला. रात्री अंगाला खाज सुटायची, लघवी गडद तपकिरी व्हायची. उन्हाळा बाधला म्हणून तो पाणी जास्त पीत राहिला. मग एका सकाळी बायको म्हणाली, “अहो, डोळे बघा जरा आरशात.”

काविळीची बातमी सोसायटीत पसरताच एक शेजारी काविळीवरचा काढा घेऊन हजर झाला. बायकोने तो बाजूला ठेवला आणि हेमंतला दवाखान्यात नेलं. रक्तातलं एसजीपीटी साधारण ४० पर्यंत असायला हवं, ते ९०० च्या वर होतं. विषाणूजन्य काविळीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत पित्ताचे खडेही दिसले नाहीत. “कुठली औषधं घेता?” या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे “काही नाही” म्हणाला. ड्रॉवरमधल्या बाटल्या त्याच्या लेखी औषधात जमाच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बाटल्या आल्या आणि डॉक्टरांनी प्रत्येक लेबल वाचून कागदावर लिहून काढलं. ‘सर्वांगीण’ गोळीत गुळवेल, अश्वगंधा, हळद तिन्ही होत्या. म्हणजे या तिन्हींचे डोस रोज दोन-दोन वाटांनी पोटात जात होते. हळदीच्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क होता आणि त्यातला ९५ टक्के भाग करक्युमिन. घरच्या हळदीत करक्युमिन जेमतेम तीन टक्के असतं. त्या हिशेबाने एक कॅप्सूल म्हणजे सुमारे १५ ग्रॅम हळद, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. एवढी हळद भाजीत कोणी घालत नाही.

लेबलावर खाली बारीक अक्षरात पिपेरिन होतं, म्हणजे मिऱ्याचं तिखट सत्त्व. खरी मेख तिथे आहे. करक्युमिन शरीरात सहजी शिरत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देऊन झटपट बाहेर काढतात. पिपेरिन हेच काम मंदावतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की २० मिलिग्रॅम पिपेरिन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात करक्युमिन कित्येक पटींनी जास्त उतरतं. जाहिरातदार हेच अभिमानाने छापतात. पण पिपेरिन काही फक्त करक्युमिनलाच वाट मोकळी करून देत नाही. फिटवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही त्याने वाढतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात मिऱ्याची जातभाई पिंपळी अतिप्रमाणात वापरू नये असं सांगितलं आहे. जुन्या वैद्यांना मात्रेचं भान होतं. बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ छापणाऱ्या सगळ्यांनाच ते असतं असं नाही.

मग हेमंतला नेमकं कशाने बाधलं? ते कळलंच नाही. अश्वगंधा, हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क या तिन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीमुळे झालेल्या काविळीचे रुग्ण २०२० मध्ये मुंबईतच आढळले होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये बजावलं, की ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास यकृताला धोका संभवतो. यातली एकच गोळी चालू असती तर बोट ठेवता आलं असतं. पाच एकत्र असल्यावर एकेक पुन्हा देऊन बघणं हाच मार्ग उरतो आणि तो जिवावर बेतू शकतो, म्हणून डॉक्टर त्या वाटेला जात नाहीत.

अशा गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरं. हळदीच्या अर्काने यकृत बिघडलेल्या अमेरिकेतल्या रुग्णांपैकी बहुतेकांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. ती आपल्यात आहे का, हे गोळी घेताना कोणाला ठाऊक नसतं.

हेमंतच्या पाचही बाटल्या बंद झाल्या. रक्त गोठण्याची चाचणी सुदैवाने ठीक होती. ती बिघडली असती तर त्याला लगेच दाखल करून यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी बोलावं लागलं असतं. दर आठवड्याला रक्त तपासलं गेलं आणि दोनेक महिन्यांत आकडे जागेवर आले.

तुमच्या घरीही अशा बाटल्या असतील, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पिशवीत घालून न्या. जेवण नकोसं झालं, लघवी गडद झाली किंवा विनाकारण खाज सुटली, तर त्या सगळ्या त्याच दिवशी थांबवा आणि रक्तातलं एसजीपीटी व बिलिरुबिन तपासून घ्या.