२०६ उंच, ३५५ ठेंगणं

संध्याकाळी सहाच्या सुमाराला विद्यार्थ्याने एलसीएमएसचा आलेख आणून टेबलावर ठेवला. चेहरा पडलेला होता. "मॅडम, रिअ‍ॅक्शन फसली. अमाइन संपलंय, पण प्रॉडक्ट झालंच नाही. सगळं २०६ला गेलंय."

आलेख पाहिला तर त्याचं म्हणणं खरं वाटावं असाच होता. २०६ वस्तुमानाचं शिखर सगळ्यात उंच होतं. जो पदार्थ हवा होता त्याचं ३५५ जेमतेम दिसत होतं आणि सुरुवातीच्या अमाइनचं १०८ कुठेच नव्हतं. तरी आम्ही फ्लास्क ओतून दिला नाही. कच्च्या मिश्रणाच्या आलेखावर शिखराची उंची पाहून काही ठरवायचं नसतं, आणि ते का, हे या एका उदाहरणातून नीट कळतं.

अभिक्रिया साधी होती. फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल घ्यायचं, त्याच्या नायट्रोजनवर 'बॉक' नावाचं संरक्षक टोपण आधीच बसवलेलं असतं. ते बेन्झिलअमाइनला जोडून अमाइड तयार करायचं. जोडणी घडवून आणणारं रसायन हाटू, सोबत डायपिया हा अल्क, आणि द्रावक डीएमएफ. औषधांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत ही जोडणी नेहमीची आहे. तासाभराने फ्लास्कमधला एक थेंब काढून, पातळ करून यंत्रात सोडायचा. धुणं-गाळणं काहीही न केलेल्या या मिश्रणाला आम्ही 'क्रूड' म्हणतो. त्यात हवा असलेला पदार्थ असतो, उरलेला कच्चा माल असतो, आणि हाटू-डायपियाचा सगळा पसाराही असतो.

यंत्रात दोन टप्पे असतात. आधी कॉलम मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करतो. पाण्यात रमणारे लवकर बाहेर पडतात, तेलकट स्वभावाचे उशिरा. मग बाहेर पडणारा द्रव तीन-चार हजार व्होल्ट लावलेल्या बारीक नळीतून फवारला जातो. फवाऱ्याचे थेंब विद्युतभारित असतात. गरम नायट्रोजनमध्ये ते आटतात, फुटतात, पुन्हा आटतात आणि शेवटी भारित रेणू, म्हणजे आयन, मोकळे होऊन वस्तुमान मोजणाऱ्या भागात जातात. मोठे, नाजूक रेणू न मोडता असे उडवता येतात हे दाखवून दिल्याबद्दल जॉन फेन यांना २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

यंत्राला फक्त भार असलेला रेणू दिसतो. भार नसलेला रेणू त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. त्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. एक, रेणूने भार कुणाकडून घेतला? दोन, त्याला भार मिळाला का?

पहिला प्रश्न ॲडक्टचा. आमच्या अमाइडचं वस्तुमान ३५४.२. रेणूला एक प्रोटॉन चिकटला की ३५५.२ दिसायला हवं. या आकड्याला आम्ही M+H म्हणतो. पण अमाइडचा ऑक्सिजन प्रोटॉनपेक्षा सोडियमवर जास्त खूश असतो, आणि सोडियम सगळीकडे आहे. काचेच्या बाटलीतून तो द्रावकात उतरतो, मिठाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलेल्या नमुन्यात तर भरपूर असतो. सोडियम चिकटलेला रेणू ३७७.२ला दिसतो, म्हणजे M+Na. आमच्या आलेखात २.९ मिनिटांना ३७७चं शिखर ३५५च्या कितीतरी वर होतं. त्याच वेळेला ७३१.४लाही एक शिखर होतं. ३५४.२ची दुप्पट ७०८.४, त्यात सोडियमचे २३ मिळवले की ७३१.४. दोन रेणूंनी एकच सोडियम वाटून घेतलेला. रेणू दाटीने आले की असे जोड बनतात आणि नमुना पातळ केला की तेच सगळ्यात आधी विरतात.

विद्यार्थी फक्त ३५५ शोधत होता. ३७७ आणि ७३१ त्याला अशुद्धी वाटल्या. २.९ मिनिटांनाच दिसणारी २९९.१ आणि २५५.१ ही शिखरंही त्याने वेगळे पदार्थ म्हणून लिहून ठेवली होती. तीही याच घरातली. बॉक टोपण फवाऱ्याच्या उष्णतेत आणि विजेच्या ओढीत टिकत नाही. त्यातून आधी ५६ वजनाचा आयसोब्युटीन निघून जातो आणि २९९ उरतं. मग ४४चा कार्बन डायऑक्साइड निघतो आणि २५५ उरतं. बॉक असलेल्या बऱ्याच पदार्थांत M+H सर्वांत लहान असतं, हे माहीत नसेल तर चांगली झालेली अभिक्रिया फसली असं वाटतं.

हे सगळे एकाच रेणूचे चेहरे आहेत हे कशावरून ठरवायचं? वेळेवरून. कॉलम आधी असतो आणि फवारा नंतर. जे बदल फवाऱ्यात झाले, ते कॉलममधून एकत्र बाहेर पडल्यानंतर झाले. त्यामुळे ३५५, ३७७, ७३१, २९९ आणि २५५ या पाचही आयनांचे आलेख वेगवेगळे काढून एकाखाली एक ठेवले, तर त्यांचा चढ-उतार एकाच क्षणी व्हायला हवा. फ्लास्कमध्येच बॉक गळून पडलं असतं, तर मोकळा झालेला अमाइनगट आम्लयुक्त द्रावकात प्रोटॉन घेऊन बसला असता आणि तो पदार्थ २.९च्या बराच आधी बाहेर पडला असता. आकडा २५५च, पण २.९ मिनिटांना दिसला तर तो यंत्राने मोडलेला तुकडा आणि दीड मिनिटाला दिसला तर फ्लास्कमध्ये तयार झालेला पदार्थ. खात्री हवी असेल तर आयन आत ओढणारं व्होल्टेज कमी करून पाहावं. तुकडा असेल तर तो लहान होतो आणि ३५५ वाढतं.

एका ठिकाणी मात्र आकडाच फसवतो. ३७७च्या वर १६ने ३९३ दिसलं की ऑक्सिजन लागला, पदार्थाचं ऑक्सिडीकरण झालं, असं पटकन वाटतं. पण सोडियमऐवजी पोटॅशियम चिकटला तरी फरक १६चाच पडतो. साध्या यंत्राला हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. इथेही वेळ पाहावी. ऑक्सिजन लागलेला पदार्थ बहुधा लवकर बाहेर पडतो, पोटॅशियमचा ॲडक्ट मात्र मूळ पदार्थाच्या वेळेलाच येतो.

आता ते उंच २०६. बेन्झिलअमाइनचं वस्तुमान १०७ आणि त्यावर ९८ची भर, अधिक एक प्रोटॉन. ही ९८ची भर हाटू वापरणाऱ्यांच्या ओळखीची आहे. हाटूने आम्लाला सक्रिय करण्याऐवजी थेट अमाइनलाच गाठलं की ग्वानिडीन तयार होतं. म्हणजे २०६ खरंच फ्लास्कमध्ये होतं. प्रश्न होता, किती? ग्वानिडीन अत्यंत तीव्र अल्क आहे. द्रावणात असतानाच त्याचा जवळपास प्रत्येक रेणू भारित असतो, त्याला फवाऱ्यात भार शोधावा लागत नाही. अमाइड मात्र जवळजवळ तटस्थ. त्याच्या फार थोड्या रेणूंना भार मिळतो आणि तोही पाच शिखरांत विभागला जातो. त्यामुळे या दोघांच्या शिखरांची उंची शेजारी ठेवून तुलना करण्याला अर्थच नाही.

यासाठी त्याच यंत्रातला अतिनील प्रकाशाचा शोधक कामी येतो. तो फवाऱ्याच्या आधी असतो आणि भाराशी त्याचा संबंध नसतो. त्याच्या आलेखात २.९ मिनिटांचं शिखर सर्वांत मोठं होतं आणि २०६च्या जागी लहानसा उंचवटा होता. प्रत्येक पदार्थ प्रकाश सारखाच शोषत नाही, आमच्या अमाइडमध्ये तर दोन बेन्झीन वलयं आहेत, त्यामुळे हाही आकडा ढोबळच. पण कोण जास्त आणि कोण कमी, एवढं सांगायला तो पुरेसा होता.

राहिला दुसरा प्रश्न, न दिसलेल्या १०८चा. थेंबावर भार मर्यादित असतो आणि थेंबाच्या पृष्ठभागावर जागाही मर्यादित असते. दोन पदार्थ एकाच वेळी कॉलममधून बाहेर पडले, तर ज्याला भार सहज मिळतो आणि जो पृष्ठभागावर लवकर पोचतो तो दुसऱ्याला दाबून टाकतो. यालाच आयन सप्रेशन म्हणतात. बेन्झिलअमाइन लहान आणि पाण्यात रमणारा, म्हणून अर्ध्या मिनिटातच बाहेर पडतो. नेमक्या त्याच सुमाराला डायपिया, डीएमएफ आणि हाटूचे अवशेषही लोंढ्याने येतात. आमच्या आलेखात तिथे डायपियाचं १३० आणि टेट्रामिथाइलयुरियाचं ११७ आकाशाला भिडलं होतं. त्या गर्दीत १०८ चिरडलं गेलं. शिवाय बेन्झिलअमाइनचा आयन सहज अमोनिया सोडून ९१चा तुकडा होतो, आणि आमचं यंत्र १००च्या खालचं मोजतच नव्हतं. म्हणजे अमाइन संपलं असं आलेख म्हणत नव्हता. तो त्याविषयी काहीच सांगत नव्हता.

सप्रेशन ओळखायची सर्वांत सोपी चाचणी म्हणजे नमुना दहापट पातळ करून पुन्हा सोडणं. जे शिखर दबलेलं नाही ते साधारण दहापट लहान होतं. जे दबलेलं होतं ते तितकं लहान होत नाही, कधी उलट वर येतं, कारण दाबणारेही विरळ झालेले असतात. आमचं क्रूड मुळात फार दाट सोडलं होतं. फवाऱ्यातला आयनांचा प्रतिसाद लिटरमागे सुमारे १० मायक्रोमोलच्या पुढे सपाट होऊ लागतो, आणि फ्लास्कमध्ये पदार्थ त्याच्या हजारोपट दाट असतो. पातळ नमुन्यात ३७७ आणि ३५५ दोन्ही स्वच्छ दिसली, ७३१ जवळपास गेलं आणि अर्ध्या मिनिटाला १०८ डोकावलं.

याहून पक्की पद्धत १९९९मध्ये प्रसिद्ध झाली. कॉलम आणि फवारा यांच्यामध्ये एक टी-जोड बसवायचा. त्यातून ज्याची चिंता आहे तो पदार्थ सिरिंज पंपाने सतत, एकाच वेगाने सोडत राहायचा, म्हणजे पडद्यावर त्याची सपाट रेघ दिसते. मग तो पदार्थ नसलेलं, बाकी सगळं असलेलं मिश्रण कॉलममध्ये सोडायचं. रेघेत ज्या मिनिटाला खड्डा पडेल त्या मिनिटाला सप्रेशन आहे. रोजच्या क्रूडसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही, पण एखाद्या पद्धतीवर महिनोन्महिने काम करायचं असेल तर तो एकदा करणं परवडतं.

आम्ही त्या संध्याकाळी त्याहून जुना मार्ग धरला. टीएलसीच्या पट्टीवर क्रूडचा ठिपका लावला, द्रावकात चढवली, निनहायड्रिनमध्ये बुडवून गरम केली. खालच्या टोकाला, शेजारी लावलेल्या बेन्झिलअमाइनच्या रांगेत, फिकट रंगाचा डाग उमटला. थोडं अमाइन अजून शिल्लक होतं.

विद्यार्थ्याने वहीतली आधीची ओळ खोडली. नवीन नोंद अशी होती: प्रॉडक्ट २.९ मिनिटे, मुख्यतः सोडियम ॲडक्ट, ३७७, २९९ आणि २५५ यंत्रातले तुकडे, ग्वानिडीन थोडं, अमाइन उरलेलं, अभिक्रिया चालू ठेवावी, पुढच्या वेळी आम्ल आणि हाटू आधी मिसळून काही मिनिटांनी अमाइन घालावं. मग त्याने फ्लास्क पुन्हा स्टररवर ठेवला.